विल बायर्स नेमका किती वर्षांचा? मालिकेतला काळ आणि पात्राचं वय मोजण्याची रीत

'स्ट्रेंजर थिंग्ज' पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला चौथ्या सीझनला एक धक्का बसतो. तिसऱ्या सीझनच्या शेवटी निरोप घेतलेली मुलं पुढच्या भागात अचानक उंच झालेली असतात, आवाज फुटलेले असतात, आणि तरी मालिका सांगते की मध्ये जेमतेम अर्धं वर्ष गेलंय. मग घरात वाद सुरू होतो. विल आता किती वर्षांचा? कोणी सतरा म्हणतं, कोणी चौदा. हा वाद अंदाजाने सोडवायची गरज नाही. मालिकेतच पुरेसे पुरावे आहेत, फक्त ते कुठून घ्यायचे आणि कुठून घ्यायचे नाहीत हे कळलं पाहिजे.

आपण एकच गणित शेवटापर्यंत सोडवू: चौथ्या सीझनच्या दुसऱ्या भागात, स्केटिंगच्या रिंकवर उभा असलेला विल बायर्स किती वर्षांचा आहे? मालिका बघून झाली नसेल तर पुढे काही गोष्टी उघड होतील, हे लक्षात ठेवा.

आधी दोन काळ वेगळे करा

एका वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे कथेतला काळ, उजवीकडे खरा काळ. डावीकडे फक्त हॉकिन्स गावात कोणती तारीख आहे ते लिहायचं. उजवीकडे सीझन कधी चित्रित झाला, कधी प्रदर्शित झाला, अभिनेत्याचा जन्म कधीचा, हे सगळं. उजव्या बाजूचा एकही आकडा डावीकडच्या गणितात वापरायचा नाही. नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात. 'मालिका २०१६ला आली, आता २०२२ आहे, म्हणजे पोरं सहा वर्षांनी मोठी झाली,' हा हिशोब अभिनेत्यांना लागू आहे. पात्रांना नाही.

कथेतला काळ खऱ्या काळाच्या वेगाने चालत नाही. पहिल्या सीझनचे आठ भाग मिळून हॉकिन्समध्ये साधारण एक आठवडाच जातो. उलट दोन सीझनच्या मधल्या फटीत एका क्षणात वर्ष सरतं. म्हणून भागांची संख्या मोजून वय निघत नाही. प्रत्येक भागाची तारीखच शोधावी लागते.

भागाची तारीख पकडा

पहिल्या सीझनमध्ये हे सोपं आहे. पहिल्याच भागात पडद्यावर अक्षरं येतात: ६ नोव्हेंबर १९८३, हॉकिन्स, इंडियाना. त्याच रात्री विल हरवतो. अशी पडद्यावर लिहून आलेली तारीख हा सगळ्यात भक्कम पुरावा. ती बरोबर बसते का हे वारावरूनही पडताळता येतं. ६ नोव्हेंबर १९८३ला रविवार होता. मुलं दिवसभर तळघरात खेळत बसलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा असते. म्हणजे तारीख आणि प्रसंग एकमेकांशी जुळतात. जुन्या वर्षाचं कॅलेंडर मोबाईलमध्ये उघडून हा पडताळा दोन मिनिटांत होतो, आणि मी तो प्रत्येक सीझनला करतेच.

तिसऱ्या सीझनला मात्र जपून. पहिल्या भागात पहिली तारीख दिसते ती २८ जून १९८४. मी पहिल्यांदा वहीत तीच सीझनची तारीख म्हणून लिहिली आणि पुढचं सगळं गणित एका वर्षाने चुकलं. तो प्रसंग रशियन प्रयोगशाळेतला आहे आणि आधीचा आहे. त्यानंतर पडद्यावर 'एक वर्षानंतर' असं येतं. म्हणजे खरी कथा १९८५च्या उन्हाळ्यात, आणि शेवट ४ जुलैला. चौथ्या सीझनची सुरुवातही अशीच जुन्या काळात, सप्टेंबर १९७९मध्ये होते. म्हणून नियम असा ठेवा की पहिली दिसलेली तारीख नाही, तर आपल्याला हव्या असलेल्या प्रसंगाच्या आधीची सगळ्यात जवळची तारीख घ्यायची, आणि मध्ये 'इतक्या काळानंतर' असं काही आलंय का ते बघायचं.

'इतक्या काळानंतर' ही अक्षरं मात्र काटेकोर नसतात. तिसऱ्या सीझनच्या शेवटी 'तीन महिन्यांनंतर' असं येतं आणि बायर्स कुटुंब इलेव्हन या मुलीला घेऊन गाव सोडतं आणि कॅलिफोर्नियाला जातं. ४ जुलैमध्ये तीन महिने मिळवले तर ऑक्टोबरची सुरुवात येते. पण चौथ्या सीझनच्या सुरुवातीला इलेव्हन विलच्या मित्राला, माइकला, पत्रात सांगते की आज एकशे पंच्याऐंशीवा दिवस, म्हणजे गाव सोडल्यापासूनचा. तो मार्च १९८६चा तिसरा आठवडा आहे. तिथून १८५ दिवस मागे गेलं की सप्टेंबरचा मध्य येतो. दोन पुराव्यांत दोन-तीन आठवड्यांची तफावत. हा गोंधळ नाही. 'तीन महिने' हे आपण बोलताना म्हणतो तसं ढोबळ आहे. ढोबळ काळावरून महिना ठरवावा, दिवस कधीच ठरवू नये.

आपल्या प्रसंगाची तारीख आता अवघड नाही. माइक सुट्टीसाठी कॅलिफोर्नियाला येतो, त्याच दिवशी सगळे रिंकवर जातात. तिथे हाताने धरलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावर तारीख उमटलेली दिसते: २२ मार्च १९८६. कॅलेंडर बघा, शनिवार. सुट्टी सुरू होण्याशी हे नीट जुळतं.

तारखा फक्त आकड्यांत दिसल्या तर अमेरिकेतली पद्धत विसरू नका. तिथे महिना आधी, दिवस नंतर. २२ मार्च असेल तर घोटाळा होत नाही, कारण बाविसावा महिना नसतो. पण विल हरवल्याची तारीख कोणी 11/6/83 अशी लिहिली, तर आपल्या सवयीने ती ११ जून वाचली जाते आणि पाच महिन्यांचा फरक पडतो. वाढदिवस मध्येच येत असेल तर तेवढ्याने वय एका वर्षाने बदलतं.

जन्मतारीख कुठे मिळते

विलचा वाढदिवस कोणत्या कागदावर नाही, तर एका संवादात सापडतो. दुसऱ्या सीझनचा आठवा भाग. विलच्या अंगात भलतंच काहीतरी शिरलेलं आहे, त्याला खुर्चीला बांधून ठेवलंय, आणि त्याला भानावर आणायला जॉइस, त्याची आई, त्याला आठवणी सांगत बसते. २२ मार्च म्हणजे काय माहितेय का, असं ती विचारते. तुझा वाढदिवस. तुला आठ वर्षं झाली तेव्हा मी तुला रंगीत खडूंची मोठी पेटी आणली होती, एकशे वीस रंगांची. तुझ्या मित्रांनी 'स्टार वॉर्स'ची खेळणी आणली होती, पण तुला फक्त चित्र काढायचं होतं. हा प्रसंग मला अजूनही डोळे ओले केल्याशिवाय बघता येत नाही. पण वही घेऊन पुन्हा बघितला की त्यात तीन पुरावे दडलेले दिसतात: दिवस आणि महिना, आठवा वाढदिवस, आणि खेळणी.

वर्ष मात्र ती सांगत नाही. ते आपल्याला काढायचं आहे.

जन्मवर्ष काढायला इयत्ता वापरा

चौथ्या सीझनमध्ये माइक, डस्टिन आणि लुकास हायस्कूलच्या पहिल्या वर्षात आहेत, म्हणजे नववीत. विल त्यांच्याच वर्गातला. आता अमेरिकेतली शाळा कशी चालते ते माहीत हवं. वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि मे-जूनला संपतं, आपल्यासारखं जून ते एप्रिल नाही. नववीत जाणारी मुलं साधारण १४ पूर्ण झालेली असतात आणि वर्षभरात १५ची होतात. १९८५-८६मध्ये नववीत असलेलं मूल बहुधा सप्टेंबर १९७० ते ऑगस्ट १९७१ या बारा महिन्यांत जन्मलेलं असणार.

या बारा महिन्यांत २२ मार्च एकदाच येतो. २२ मार्च १९७१. हेच विलचं जन्मवर्ष.

इयत्ता आणि वाढदिवस यांची ही जोडी फार कामाची आहे. नुसत्या इयत्तेने वयाचा एक वर्षाचा पट्टा मिळतो, नुसत्या वाढदिवसाने वर्षाशिवायची तारीख मिळते. दोन्ही एकमेकांवर ठेवले की एकच दिवस उरतो. अट एवढीच की मूल कुठे नापास झालेलं नसावं किंवा एखादी इयत्ता ओलांडून पुढे गेलेलं नसावं. विलच्या बाबतीत तसं काही सांगितलेलं नाही. मागे मोजून बघितलं तरी जुळतं. १९८४-८५मध्ये आठवी आणि १९८३-८४मध्ये सातवी, आणि त्या दोन्ही वर्षी मुलं हॉकिन्सच्या मिडल स्कूलमध्येच दिसतात.

आता वजाबाकी

दोन तारखा हातात आल्या. साल वजा सालः १९८६ - १९७१ = १५. मग विचारा, त्या वर्षीचा वाढदिवस त्या दिवसापर्यंत येऊन गेला का? आला असेल तर उत्तर तसंच, नसेल तर एक कमी. इथे तर तो दिवस वाढदिवसाचाच आहे. म्हणजे विल त्या दिवशी बरोबर १५ वर्षांचा झाला.

पहिल्या भागासाठी हेच करून बघा. १९८३ - १९७१ = १२. मार्च होऊन गेलेला आहे, नोव्हेंबर चालू आहे, म्हणून काही वजा करायचं नाही. विल हरवतो तेव्हा १२ वर्षांचा.

खूप पात्रं आणि खूप भाग असतील तर एक्सेलमध्ये A2 मध्ये जन्मतारीख, B2 मध्ये भागातली तारीख भरा आणि हे सूत्र टाका:

```
=DATEDIF(A2,B2,"Y")
```

हे पूर्ण झालेली वर्षं देतं, वाढदिवस आला की नाही ते स्वतःच बघतं. फक्त तारीख भरताना साल चारही आकड्यांत लिहा.

आपल्या बोलण्यातला एक फरक इथे अडखळवतो. मराठीत आपण 'त्याला पंधरावं लागलं' म्हणतो तेव्हा मुलाचं वय १४ पूर्ण असतं. 'सोळावं वरीस' म्हणजेही १५ पूर्ण, सोळावं चालू. अमेरिकेत वय नेहमी पूर्ण झालेल्या वर्षांचंच सांगतात. जॉइस 'आठ' म्हणते ती आठ पूर्ण झाल्यावर, आठवं लागल्यावर नाही. वहीत मी म्हणूनच 'पूर्ण' हा शब्द प्रत्येक आकड्यापुढे लिहिते. घरात आजी 'पंधरावं' म्हणते आणि भाचा 'चौदा' म्हणतो, तेव्हा दोघंही बरोबर असतात.

पडताळणी: कोणत्या वस्तूवर विश्वास ठेवायचा

१९७१ला जन्म धरला तर आठवा वाढदिवस २२ मार्च १९७९चा. 'स्टार वॉर्स' मे १९७७मध्ये आला आणि त्यातल्या बाहुल्या १९७८मध्ये मिळू लागल्या. मग १९७९च्या वाढदिवसाला मित्रांनी ती खेळणी आणणं अगदी शक्य आहे. विल दोन वर्षांनी मोठा असता, तर मार्च १९७७मध्ये तो चित्रपटही आलेला नसता. म्हणजे खेळण्यांनी आपलं उत्तर उचलून धरलं.

रंगपेटी मात्र धरत नाही. क्रेयोलाची १२० रंगांची पेटी १९९८मध्ये आली. ती पुरावा मानली तर विलचा आठवा वाढदिवस मालिका संपल्यावरच येईल. पेटी कोणत्या कंपनीची ते जॉइस सांगत नाही हे खरं, पण माझ्या मते इथे लेखकांचा अंदाज चुकलाय एवढंच. एकच वस्तू बाकी सगळ्यांच्या विरुद्ध जात असेल, आणि बाकीचे पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर ती वस्तू बाजूला ठेवावी.

गाण्यांबाबत याहून साधा नियम आहे. गाणं पात्रांना ऐकू येतंय, की फक्त आपल्याला? चौथ्या सीझनमध्ये मॅक्सच्या वॉकमनवर केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' वाजतं. ते १९८५च्या ऑगस्टमध्ये आलं होतं, मार्च १९८६मध्ये एखाद्या मुलीकडे त्याची कॅसेट असणं रास्त आहे. हा पुरावा धरा. पण पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी, पाण्यातून मृतदेह काढताना जे 'हीरोज' वाजतं ते पीटर गॅब्रिएलने गायलेलं, २०१०चं. तिथे उभ्या असलेल्या कोणालाच ते ऐकू येत नाही. ते खऱ्या काळातलं आहे, वहीत उजवीकडे.

सिनेमागृहही असंच उपयोगी पडतं. तिसऱ्या सीझनमध्ये ४ जुलैच्या रात्री स्टीव्ह आणि रॉबिन ज्या सिनेमात जाऊन लपतात तो 'बॅक टू द फ्युचर', आणि तो अमेरिकेत ३ जुलै १९८५ला लागला होता. एका दिवसाचं अंतर. इथे मालिकेने किती काळजी घेतलीय ते दिसतं.

पुरावेच भांडायला लागले तर

आता मूळ प्रसंगाकडे परत. २२ मार्च हा विलचा वाढदिवस, आणि रिंकवरची तारीखही २२ मार्च. पण त्या दिवशी त्याला कोणीही शुभेच्छा देत नाही. आई नाही, भाऊ नाही, हजारो मैलांवरून आलेला मित्रही नाही. प्रेक्षकांच्या हे लक्षात आलं, आणि २०२२मध्ये मालिकेचे निर्माते डफर बंधू यांनी मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं की वाढदिवसाची तारीख ते विसरले होते. जुन्या संवादातला महिना बदलून 'मे' करावा, असाही त्यांचा विचार होता.

महिना बदलला तर वयाचं काय होतं, हे करून बघण्यासारखं आहे. २२ मे १९७१ धरा. पहिल्या सीझनमध्ये काहीच फरक नाही, नोव्हेंबर दोन्ही महिन्यांच्या नंतर येतो, म्हणून वय १२च. पण २२ मार्च १९८६ला वाढदिवस अजून दोन महिने दूर, म्हणून विल १४ वर्षांचा. एका महिन्याच्या नावाने एका भागातलं वय बदललं, दुसऱ्या भागातलं नाही. म्हणून वहीत उत्तराशेजारी तुम्ही कोणती जन्मतारीख धरली ते लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर आकड्यावर न भांडता तारखेवर बोलता येतं.

मी स्वतः मार्चच धरते. संवाद आईच्या तोंडचा आहे आणि पडद्यावर तेच ऐकू येतं. शिवाय त्या सीझनभर विल एक गुंडाळलेलं चित्र हातात घेऊन फिरतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. चूक लेखकांची असली तरी त्या मुलाच्या एकटेपणात ती इतकी नेमकी बसते की ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं.

मग तो मोठा का दिसतो?

आता वहीची उजवी बाजू उघडा. विलचं काम करणाऱ्या नोआ श्नॅपचा जन्म ३ ऑक्टोबर २००४चा.

| सीझन | कथेतली तारीख | विल | प्रदर्शन | नोआ |
|---|---|---|---|---|
| १ | नोव्हेंबर १९८३ | १२ | जुलै २०१६ | ११ |
| २ | ऑक्टोबर १९८४ | १३ | ऑक्टोबर २०१७ | १३ |
| ३ | जुलै १९८५ | १४ | जुलै २०१९ | १४ |
| ४ | मार्च १९८६ | १५ | मे २०२२ | १७ |
| ५ | नोव्हेंबर १९८७ | १६ | नोव्हेंबर २०२५ | २१ |

पहिले तीन सीझन पात्र आणि अभिनेता जवळपास बरोबरीने वाढतात, म्हणून तोपर्यंत डोळ्यांना काही खटकत नाही. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये कथेत नऊ महिन्यांहून कमी काळ जातो, बाहेर मात्र जवळजवळ तीन वर्षं. चौथ्याचं चित्रीकरण फेब्रुवारी २०२०मध्ये सुरू झालं आणि महामारीमुळे मार्चमध्येच थांबलं, ते पुढच्या वर्षापर्यंत लांबलं. नेमकं याच वयात मुलं वर्षभरात ओळखू न येण्याइतकी बदलतात.

एक लक्षात घ्या, प्रदर्शनाच्या दिवशीचं वय हे चित्रीकरणाच्या वेळचं वय नसतं. पडद्यावर दिसणारा नोआ चौथ्या सीझनमध्ये १७ नाही, १५-१६ वर्षांचा आहे. चेहऱ्यावरून काही म्हणायचं असेल तर चित्रीकरणाचा काळ घ्या. पण पात्राचं वय चेहऱ्यावरून काढू नकाच.

जन्मतारीख नसेल तेव्हा

प्रत्येक पात्राची आई वाढदिवस सांगत नाही. स्टीव्ह हॅरिंग्टन घ्या. १९८५च्या उन्हाळ्यात त्याची शाळा नुकतीच संपली आहे आणि तो मॉलमध्ये आइस्क्रीम विकतोय. अमेरिकेत शाळा संपवताना मुलं १७ किंवा १८ पूर्ण असतात, म्हणजे जन्म साधारण सप्टेंबर १९६६ ते ऑगस्ट १९६७. वाढदिवस माहीत नाही, म्हणून पट्टा कमी करता येत नाही. तो पट्टा तसाच पुढे न्यायचा. ६ नोव्हेंबर १९८३ला, पट्ट्याच्या पहिल्या टोकाला जन्मला असेल तर १७ पूर्ण, शेवटच्या टोकाला असेल तर १६. वहीत 'स्टीव्ह, सीझन १: १६ किंवा १७' असं लिहायचं, आणि बारापैकी सुमारे दहा महिन्यांत उत्तर १६ येतं म्हणून १६ला अधोरेखित करायचं. त्यातला एकच आकडा खोडायला पुरावा लागेल, आणि तो एखाद्या संवादात अचानक सापडेपर्यंत दोन्ही आकडे तसेच ठेवायचे.